लाईन, स्टाफ आणि फंक्शनल ऑथॉरिटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी संध्याकाळच्या बॅचला मॅनेजमेंट शिकवतो, त्याआधी बरीच वर्षं कारखान्यात क्वालिटीला होतो. या टॉपिकवर दरवर्षी तेच प्रश्न येतात आणि पोरं त्याच ठिकाणी घसरतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. बीबीए, एमबीए, नेट, स्पर्धा परीक्षा, कुणालाही चालेल.

तिन्हींतला फरक एका दमात सांगाल का?

लाईन ऑथॉरिटी म्हणजे साहेबाने आपल्या हाताखालच्या माणसाला हुकूम द्यायचा अधिकार, वरपासून खालपर्यंत एक साखळी, प्लांट हेड, मग प्रॉडक्शन मॅनेजर, मग सुपरवायझर, मग ऑपरेटर. स्टाफ ऑथॉरिटी म्हणजे सल्ला द्यायचा अधिकार, बस. फंक्शनल ऑथॉरिटी म्हणजे दुसऱ्याच्या डिपार्टमेंटमधल्या माणसांना हुकूम द्यायचा अधिकार, पण एका ठरवून दिलेल्या विषयापुरताच, त्याच्या बाहेर एक शब्द नाही.

व्याख्या पाठ करून केस सुटत नाही. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: समोरचा "नाही" म्हणाला तर काय होईल? लाईनमध्ये "नाही" म्हटलं तर मेमो येतो. स्टाफमध्ये "नाही" म्हटलं तर काहीच होत नाही, फार तर सल्ला देणारा तोंड पाडून जातो. फंक्शनलमध्ये त्या विषयापुरतं "नाही" म्हणताच येत नाही, आणि विषयाच्या बाहेर बिनधास्त म्हणता येतं. खालची सगळी उत्तरं याच एका प्रश्नावर उभी आहेत.

पुस्तकात "कर्मचारी अधिकार" असं लिहिलंय, म्हणजे क्लार्क-शिपायांचे अधिकार का?

नाही हो! हा निव्वळ भाषांतराचा घोळ आहे. इथला स्टाफ म्हणजे "आमच्या ऑफिसात चाळीस स्टाफ आहे" मधला स्टाफ नव्हे. हा शब्द मॅनेजमेंटच्या पुस्तकांत लष्करातून आलाय, सेनापतीला नकाशे, रसद, हालचालींची आखणी करून देणारे अधिकारी असायचे, ते स्वतः पलटणीला हुकूम देत नसत, हुकूम सेनापतीच्या नावाने जायचा. प्रशियाच्या सैन्याने एकोणिसाव्या शतकात ही पद्धत पक्की केली. मराठीत "सल्लागार अधिकार" लिहा, अर्थ लगेच कळतो.

एक केस नीट सोडवून दाखवा ना, परीक्षेत येते तशी.

दाखवतो, आणि घाई न करता, कारण एकदा ही नीट कळली की बाकीच्या नव्वद टक्के केस याच साच्यातल्या असतात. केस मी रचलेली आहे, पण शॉप फ्लोअरवर असं रोज होतं.

चाकणच्या बाजूचा एक प्लांट धरा. गाड्यांसाठी लोखंडी ब्रॅकेट बनतात. प्रॉडक्शन मॅनेजर आणि क्वालिटी मॅनेजर दोघंही प्लांट हेडला रिपोर्ट करतात. दुसरी शिफ्ट चालू आहे, क्वालिटी इंजिनिअर मॅडम राउंडला येतात आणि बघतात तर ड्रिल केलेल्या भोकाच्या कडेला बर, म्हणजे धातूची बारीक धारदार किनार, राहिलीय, बोट फिरवलं की टोचतेय. बाहेर ट्रक लागलेला. मग पुढच्या दहा मिनिटांत पाच गोष्टी घडतात.

पहिली, मॅडम आपल्या हाताखालच्या इन्स्पेक्टरला म्हणतात, "आतापासून दर पंचविसाव्याऐवजी दर दहाव्या जॉबला चेक कर." जॉब म्हणजे इथे बनणारा एक नग. ही लाईन ऑथॉरिटी. क्वालिटी हे स्टाफ डिपार्टमेंट असेल तरी त्याच्या आत साहेब आणि हाताखालचा माणूस हे नातं लाईनचंच असतं. अर्धा वर्ग इथेच "स्टाफ" लिहून मोकळा होतो.

दुसरी, तयार मालाच्या तीन बिनांवर लाल टॅग लावतात आणि प्रॉडक्शनच्या सुपरवायझरला सांगतात, "हा माल डिस्पॅचला जाणार नाही." सुपरवायझर त्यांच्या हाताखालचा नाही, तरी त्याला हे ऐकावंच लागतं, कारण प्लांट हेडच्या सहीच्या प्रोसिजरमध्ये लिहिलंय की संशयास्पद माल अडवायचा अधिकार क्वालिटीचा. ही फंक्शनल ऑथॉरिटी. विषय: माल अडवणं. एवढाच.

तिसरी, त्याच सुपरवायझरला म्हणतात, "तुम्ही ड्रिल आठशे भोकांनंतर धार लावायला काढता, सहाशेला काढा, बर येणार नाही." हा सल्ला, म्हणजे स्टाफ. तो म्हणू शकतो की मॅडम, टूलचा खर्च माझ्या डोक्यावर येतो, मी सातशेपर्यंत बघतो. त्याला कुणी मेमो देणार नाही.

चौथी, ऑपरेटरकडे वळून म्हणतात, "तू मशीन बंद कर आणि ड्रिल बदल." आता ही कुठली ऑथॉरिटी? कुठलीच नाही. ऑपरेटर त्यांच्या लाईनमध्ये नाही, आणि मिळालेली फंक्शनल ऑथॉरिटी माल अडवायची आहे, मशीन चालवायची नाही. काही कारखान्यांत दोष दिसला की प्रॉडक्शन लाईन थांबवायचा अधिकार क्वालिटीला, कधी तर खुद्द ऑपरेटरलाही लेखी दिलेला असतो, तिथे "बंद कर" चाललं असतं. पण केसमध्ये तसं लिहिलेलं नसेल तर आपल्या मनाने धरायचं नाही. इथे मॅडमनी हद्द ओलांडली, बोलायला हवं होतं सुपरवायझरशी.

पाचवी गोष्ट मॅडमची नाही. सुपरवायझर चिडून प्रॉडक्शन मॅनेजरला फोन लावतो, तो फोनवर म्हणतो, "ट्रक उभाय, टॅग काढ आणि लोड कर, मी बघतो काय ते." वाचताना वाटतं की बरोबर आहे, सुपरवायझर त्याचाच माणूस, लाईन ऑथॉरिटी आहे, हुकूम चालणार. नाही चालत! टॅगच्या विषयात प्रॉडक्शन मॅनेजरकडे अधिकारच उरलेला नाही, तेवढा तुकडा त्याच्या वरच्या साहेबाने काढून क्वालिटीला दिलाय. त्याला पटत नसेल तर वाट एकच, प्लांट हेड. तिथे दोघांच्या साखळ्या एकत्र येतात.

समजा प्लांट हेड म्हणाले, रात्रीच सॉर्टिंग करा. तीन बिनांत मिळून 360 जॉब, त्यातले 41 बाजूला पडले, 319 सकाळच्या गाडीने गेले. प्लांट हेड "तसाच पाठवा" असंही म्हणू शकले असते का? कंपनीच्या आतल्या अधिकाराचा विचार केला तर हो, कारण अधिकार मुळात त्यांचा आहे, फक्त मग सही त्यांची आणि गिऱ्हाइकाची परवानगी मिळवायची जबाबदारीही त्यांची.

एकच बाई, दहा मिनिटं, त्यात तिन्ही ऑथॉरिटी आणि वर एक आगाऊपणा.

फंक्शनल ऑथॉरिटी येते तरी कुठून?

वरच्या कॉमन साहेबाच्या ताटातून. प्लांट हेडकडे प्रॉडक्शनवरचा सगळा अधिकार असतो, माणसं, मशीन, माल, सुट्ट्या, बिलं सगळं. भाकरीचा तुकडा मोडावा तसा तो एक तुकडा मोडतो आणि दुसऱ्या डिपार्टमेंटला देतो: माल अडवणं क्वालिटीला, खर्चाच्या बिलांची पद्धत अकाउंट्सला, रजेचे नियम एचआरला. जेवढा तुकडा तिकडे गेला तेवढा प्रॉडक्शन मॅनेजरच्या ताटातला कमी झाला. म्हणून लाईन मॅनेजर या गोष्टीवर कायम नाराज असतात, आणि खरं सांगायचं तर त्यांची नाराजी अगदीच चुकीची नसते.

एमसीक्यूत एक आवडतं वाक्य असतं, "फंक्शनल ऑथॉरिटी फक्त स्टाफ डिपार्टमेंटकडेच असू शकते." चूक. एखाद्या लाईन मॅनेजरलाही दुसऱ्या डिपार्टमेंटवर असा तुकडा दिला जाऊ शकतो. बहुतेक वेळा तो स्टाफकडे दिसतो कारण विषयाचं ज्ञान तिथे असतं, एवढंच.

कुठलं डिपार्टमेंट लाईन आणि कुठलं स्टाफ, याची लिस्ट मिळेल का?

लिस्ट पाठ करणं हीच खरी चूक आहे. पुस्तकं सांगतात प्रॉडक्शन आणि सेल्स लाईन, एचआर आणि लीगल स्टाफ. साध्या कारखान्याला हे लागू पडतं. पण नोकरभरती करून देणारी कंपनी घ्या, तिथे उमेदवार शोधणारी माणसं हाच धंदा, म्हणजे ती लाईन झाली. वकिलांच्या फर्ममध्ये वकील लाईन. उलट बँकेत बिल्डिंग-मेंटेनन्स पक्कं सपोर्टचं काम. म्हणजे बघायचं काय, तर संस्थेचं जे मुख्य काम त्याला थेट हात लावतो तो लाईन, आणि त्याला मदत करतो तो स्टाफ.

आणखी एक बारीक गोष्ट. "लाईन डिपार्टमेंट" आणि "लाईन ऑथॉरिटी" हे दोन वेगळे शब्द आहेत. डिपार्टमेंट कामावरून ठरतं, ऑथॉरिटी दोन माणसांमधल्या नात्यावरून. वरच्या केसमध्ये मॅडम स्टाफ डिपार्टमेंटच्या होत्या आणि पहिलं वाक्य लाईनचं होतं, ते यामुळेच.

फंक्शनल ऑथॉरिटी, फंक्शनल ऑर्गनायझेशन, फंक्शनल स्ट्रक्चर, हे सगळं एकच ना?

नाही, आणि याच्यात सगळ्यात जास्त मार्क जातात. नाव एक, माणसं तीन.

फंक्शनल स्ट्रक्चर म्हणजे साधी डिपार्टमेंटची विभागणी, प्रॉडक्शन एक, फायनान्स एक, मार्केटिंग एक. यात अधिकाराबद्दल काही वेगळं म्हटलेलंच नाही, प्रत्येक डिपार्टमेंटच्या आत नेहमीची लाईन चालते.

फंक्शनल ऑर्गनायझेशन म्हटलं की बहुतेक वेळा टेलर. फ्रेडरिक टेलरने 1903 मध्ये मांडलं की एकाच फोरमनला सगळं येणं शक्य नाही, म्हणून फोरमनचं काम आठ जणांत वाटा. प्लॅनिंगच्या बाजूला चार: कामाचा मार्ग ठरवणारा, सूचना-कार्ड लिहिणारा, वेळ आणि खर्चाचा हिशेब ठेवणारा, शिस्त बघणारा. शॉपवर चार: गँग बॉस, स्पीड बॉस, रिपेअर बॉस आणि इन्स्पेक्टर. आणि कामगाराने आठही जणांचं ऐकायचं, प्रत्येकाचं त्याच्या विषयापुरतं! फ्रान्सच्या फेयॉलने 1916 मध्ये एका माणसाला एकच साहेब, म्हणजे युनिटी ऑफ कमांड, हे तत्त्व मांडलं, त्यामुळे टेलरची ही व्यवस्था त्याला पटणं शक्यच नव्हतं. कागदावर टेलरचं सुंदर दिसतं, पण स्पीड बॉस म्हणतो मशीन जोरात चालव आणि रिपेअर बॉस म्हणतो हळू चालव, मग त्या बिचाऱ्याने कुणाचं ऐकायचं?

फंक्शनल ऑथॉरिटी म्हणजे टेलरच्या कल्पनेची आजची वापरता येईल अशी छोटी आवृत्ती. मुख्य साहेब एकच ठेवायचा, आणि फक्त एक-दोन विषयांत बाहेरच्याचा हुकूम चालू द्यायचा.

मग याने युनिटी ऑफ कमांड मोडत नाही का?

मोडते. थोडीशी मोडतेच, उत्तरात ते सरळ कबूल करायचं, "नाही मोडत" असं लिहून उगाच बचाव करू नका. किती मोडू द्यायची एवढाच प्रश्न असतो.

माझंच सांगतो. नोकरीचं दुसरं वर्ष, नुकताच क्वालिटीत स्थिरावलो होतो, अंगात भारी जोश. एका सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, मशीनवर बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, 0.04 मिलिमीटरने मोठा येत होता. सुपरवायझर जेवायला गेलेला, मी सरळ ऑपरेटरला सांगितलं, ऑफसेट, म्हणजे मशीनमधली मापाची सेटिंग, 0.04 ने कमी कर. त्याने निमूटपणे केला. मला काय माहीत की जेवायला जाण्याआधी सुपरवायझरनेही त्याला तेच सांगितलं होतं आणि त्याने ते केलं पण होतं, मी मोजलेला जॉब आधीचा होता. करेक्शन दोनदा झालं, बोअर आता 0.04 ने लहान, आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत 64 जॉब निघाले. नशीब लहान झाला होता, परत बोअर करून वाचवता आला, उलटं झालं असतं तर सगळा भंगारात. ऑपरेटरला विचारलं, अरे बोलला का नाहीस, तर म्हणाला, "साहेब, तुम्ही पण साहेब, ते पण साहेब."

त्यामुळे हॅरल्ड कुंट्झसारखे लेखक जे सांगतात की फंक्शनल ऑथॉरिटी आपल्या वरच्या साहेबाच्या खाली एका पायरीच्या पलीकडे जाऊ देऊ नका, ते मला पुस्तकी वाटत नाही. म्हणजे क्वालिटी मॅनेजरचा हुकूम प्रॉडक्शन मॅनेजरपर्यंत जावा, तिथून खाली लाईनने उतरावा. प्रत्यक्षात लाल टॅगसारख्या तातडीच्या गोष्टीत हा नियम इतका कडक पाळता येत नाही, म्हणून विषय बारीक आणि लेखी ठेवायचा. "क्वालिटीसंबंधी सर्व बाबी" असं लिहिलं की खेळ खल्लास, कारखान्यात क्वालिटीशी संबंध नसलेली बाब शोधून दाखवा. "अंतिम तपासणीआधीचा संशयास्पद माल अडवणे" असं लिहा.

सल्ला आणि हुकूम यांच्यामध्ये काही असतं का?

असतं, आणि केसमध्ये हेच लपवलेलं असतं. साधा सल्ला म्हणजे विचारलं तर सांगतो. त्याच्या एक पायरी वर सक्तीचा सल्ला: लाईन मॅनेजरने निर्णयाआधी विचारलंच पाहिजे, पण ऐकलंच पाहिजे असं नाही. उदाहरणार्थ, कामगाराला काढण्याआधी एचआरशी बोलणं बंधनकारक, निर्णय मात्र मॅनेजरचा. त्याच्याही वर सहमतीचा अधिकार, म्हणजे दोघांच्या सह्या झाल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही, करारावर लीगलची सही लागते तसं. आणि त्याच्यावर फंक्शनल, जिथे स्टाफवाला स्वतःहून हुकूम काढू शकतो.

सहमती आणि फंक्शनल यात गोंधळ होतो. सहमतीवाला फक्त अडवू शकतो, सुरुवात करू शकत नाही. लीगल तुमचा करार थांबवेल, पण तुम्हाला करार करायला लावणार नाही. आता कुणी चलाख विचारेल की मग लाल टॅग पण अडवणंच झालं की! बरोबर पकडलंत, फरक असा की टॅगसाठी कुणी मॅडमकडे सहीला आलं नव्हतं, त्यांनी स्वतः जाऊन हुकूम दिला. ही रेघ पुसटच आहे. मी पेपर तपासताना कारण नीट दिलं असेल तर दोन्हींना मार्क देतो.

लाईन आणि स्टाफवाले एकमेकांशी भांडतात का?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मेल्विल डाल्टन यांनी 1950 मध्ये कारखान्यांतल्या याच भांडणांवर लिहिलं. त्यात दिसलं की स्टाफचे अधिकारी वयाने लहान, जास्त शिकलेले, आणि अनुभवाने पिकलेल्या लाईनवाल्यांना कालच्या पोराने शिकवलेलं रुचत नाही. आपल्याकडे वेगळं काय आहे? पंचवीस वर्षं मशीनवर काढलेला सुपरवायझर आणि कालचा एमबीए, नुसतं समोरासमोर उभं करा.

पण वयाच्या पलीकडे एक कारण आहे जे उत्तरात हमखास लिहावं: सल्ला फसला तर भोगतो लाईनवाला, सल्ला चालला तर प्रेझेंटेशन करतो स्टाफवाला. वरच्या केसमध्ये ड्रिल सहाशेला काढलं तर टूलचा खर्च मॅडमच्या बजेटमध्ये येणार नव्हता. ते भांडण स्वभावाचं नव्हतंच.

सरकारी ऑफिसातलं उदाहरण द्याल का? स्पर्धा परीक्षेला बरं पडेल.

पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी घ्या. ते बसतात पंचायत समितीत, तिथले कार्यालयप्रमुख गटविकास अधिकारी. पण शाळा, शिक्षण, गुणवत्ता याबद्दलच्या सूचना येतात जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडून. सरकारी भाषेत याला प्रशासकीय नियंत्रण आणि तांत्रिक नियंत्रण म्हणतात. प्रशासकीय म्हणजे साधारण लाईन, तांत्रिक म्हणजे साधारण फंक्शनल. आणि दोघांचं पटत नसेल तर वर कुठे जायचं? दोन्ही साखळ्या जिथे मिळतात तिथे, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या केसमधल्या प्लांट हेडच्या खुर्चीकडे. "साधारण" असं मुद्दाम म्हणतोय, सरकारी अधिकार शेवटी कायदा आणि शासन निर्णयातून येतात, पुस्तकातल्या व्याख्येतून नाही.

मॅट्रिक्स आणि फंक्शनल ऑथॉरिटीत फरक काय?

मॅट्रिक्समध्ये माणसाला दोन पूर्ण साहेब असतात, प्रोजेक्टचा एक आणि डिपार्टमेंटचा एक, आणि अप्रेझलमध्ये दोघांचा हात असू शकतो. फंक्शनलमध्ये साहेब एकच, बाहेरच्याचा हुकूम एका विषयापुरता. अप्रेझल कोण भरतं ते बघा, बऱ्याचदा तिथेच उत्तर मिळतं.

"असिस्टंट मॅनेजर" आणि "असिस्टंट टू मॅनेजर" सारखेच का?

एका "टू"ने सगळं बदलतं. असिस्टंट मॅनेजर साखळीत उभा आहे, त्याच्या हाताखाली माणसं आहेत, लाईन. असिस्टंट टू मॅनेजर हा साहेबाचा पर्सनल स्टाफ, फाईल तयार करतो, माहिती गोळा करतो, त्याला स्वतःचा हुकूम नाही. आता प्रत्यक्षात "साहेबांनी सांगितलंय" असं म्हणून तो काय काय करून घेतो ते आपण सगळेच जाणतो, पण ते चार्टवर दिसत नाही.

पेपरात चार्ट काढायला सांगितला तर रेघा कशा काढू?

लाईनसाठी सरळ उभी अखंड रेघ. स्टाफ बाजूला काढायचा, साहेबाच्या चौकटीतून आडवी रेघ, तीही अखंड चालते कारण तो सुद्धा साहेबालाच रिपोर्ट करतो. फंक्शनलसाठी तुटक रेघ, आणि इथे बहुतेक जण फक्त रेघ काढून सोडून देतात. तुटक रेघेचा एकच असा ठरलेला अर्थ नाही, कुणी ती सल्ल्यासाठी काढतं, कुणी मॅट्रिक्समधल्या दुसऱ्या साहेबासाठी. म्हणून कोपऱ्यात खूण-सूची द्या आणि रेघेवर विषय लिहा. आपल्या केससाठी क्वालिटी मॅनेजरपासून प्रॉडक्शन मॅनेजरपर्यंत तुटक रेघ आणि वर दोन शब्द, "माल अडवणे". रेघ ऑपरेटरपर्यंत ओढू नका, मी ओढली होती, 64 जॉब परत बोअर करावे लागले.